अवघड वाक्य सोप्या शब्दांत सांगून पाहणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहिती अधिकाराचे अर्ज करणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मंडळींबरोबर कायद्याची कलमं वाचत बसणं हे माझं बऱ्याच काळापासूनचं काम आहे. आमची पद्धत साधी आहे. कलम वाचायचं, पुस्तक पालथं ठेवायचं आणि ते आपल्या शब्दांत समोरच्याला सांगायचं. नव्याने येणारे लोक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. पानभर एकच उदाहरण वापरलं आहे, कारण दहा वाक्यं वरवर चाळण्यापेक्षा एकच नीट उलगडलेलं बरं.

उदाहरणासाठी कोणतं वाक्य घेतलं आहे?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधलं कलम ७, पोटकलम (१). अर्ज दिल्यावर पुढे काय व्हायला हवं, ते या एका वाक्यात सांगितलेलं आहे. मराठी कायदेभाषेत ते साधारण असं उतरतं:

"कलम ५ च्या पोटकलम (२) च्या परंतुकास किंवा कलम ६ च्या पोटकलम (३) च्या परंतुकास अधीन राहून, कलम ६ खालील विनंती मिळाल्यावर जन माहिती अधिकारी, शक्य तितक्या शीघ्रतेने, आणि कोणत्याही परिस्थितीत विनंती मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत, विहित करण्यात येईल अशी फी भरल्यावर एकतर माहिती देईल किंवा कलम ८ व ९ मध्ये विनिर्दिष्ट केलेल्या कारणांपैकी कोणत्याही कारणास्तव ती विनंती फेटाळील: परंतु, मागितलेली माहिती एखाद्या व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर, ती विनंती मिळाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत देण्यात येईल."

लगेच पुढे पोटकलम (२) येतं: ठरलेल्या मुदतीत अधिकाऱ्याने निर्णय दिला नाही, तर त्याने विनंती नाकारली आहे असे मानण्यात येईल.

हे वाचून मला समजलं. मग पुन्हा सांगून कशाला बघायचं?

कारण वाचताना "समजलं" असं वाटणं आणि खरंच समजणं या दोन गोष्टी आतून सारख्याच जाणवतात. वरच्या वाक्यात तुम्हाला न येणारा शब्द जवळपास नाही. अधिकारी, फी, तीस दिवस, कारण हे सगळे ओळखीचे आहेत. ओळखीचे शब्द एकामागून एक समोर आले की डोळा अडत नाही, आणि डोळा अडला नाही म्हणजे अर्थ लागला असं आपण धरून चालतो.

लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील या अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ मध्ये याच प्रकारावर काम प्रसिद्ध केलं. त्यांनी लोकांना विचारलं, पँटची चेन, कुलूप, शिवणयंत्र, फ्लशचा संडास या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती समजतं, ते आकड्यात सांगा. मग त्यांच्याकडून ती वस्तू कशी चालते ते पायरीपायरीने लिहून घेतलं आणि तोच आकडा पुन्हा विचारला. लिहून झाल्यावर लोकांनी स्वतःला आधीपेक्षा कमी गुण दिले. लिहायला बसेपर्यंत आपल्याला नेमकं कुठे काही माहीत नाही, हे त्यांना दिसलंच नव्हतं. कायद्याच्या वाक्याचंही तेच होतं. कुठे खड्डा आहे ते सांगायला लागल्यावरच कळतं.

सुरुवात कशी करायची?

आधी मोठ्या वाक्याचा कणा शोधायचा. कोण, काय करणार, कधीपर्यंत, एवढंच. कलम ७(१) मधला "अधीन राहून"पर्यंतचा पहिला तुकडा तात्पुरता झाकून ठेवा, शेवटचा "परंतु"पासूनचा भागही झाका. मध्ये उरतं ते असं: अर्ज मिळाला की अधिकाऱ्याने तीस दिवसांच्या आत दोहोंपैकी एक गोष्ट करायची, माहिती द्यायची किंवा नाही म्हणायचं.

आता झाकलेले तुकडे एकेक करून उघडायचे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: हा तुकडा आला की मघाच्या वाक्यात काय बदललं? "फी भरल्यावर" हा शब्दसमूह माहिती देण्याला अट जोडतो. "कलम ८ व ९ मधल्या कारणांपैकी" हा नाही म्हणण्याच्या मोकळिकीला कुंपण घालतो. "परंतु"नंतरचा भाग काही अर्जांना तीस दिवसांच्या रांगेतून बाहेर काढतो. "अधीन राहून" सांगतं की दोन ठिकाणी आणखी काही नियम आहेत आणि त्यांचं ऐकावं लागेल. एखाद्या तुकड्याबद्दल "काय बदललं?" याचं उत्तर देता आलं नाही, तर तो तुकडा समजलेला नाही. तिथे पेन्सिलने खूण करा आणि पुढे चला.

हे सगळं झाल्यावर मूळ पान पालथं ठेवायचं. समोर पान असताना सांगितलेलं धरायचं नाही, कारण तेव्हा आपण सांगत नसतो, वाचत असतो.

पहिल्यांदा सांगताना लोकांचं काय चुकतं?

जवळजवळ सगळ्यांच्या तोंडून आधी एकच वाक्य येतं: "अर्ज केल्यावर तीस दिवसांत माहिती मिळते."

वाक्य सुटसुटीत आहे आणि ऐकायला बरोबर वाटतं. पण मूळ वाक्याशी जुळवून पाहा. कायदा तीस दिवसांत माहिती मिळेल असं म्हणतच नाही. तो म्हणतो की तीस दिवसांत निर्णय मिळेल, आणि तो निर्णय नकाराचाही असू शकतो. "एकतर… किंवा" यातली दुसरी बाजू सांगताना गळून पडली. आणि ती गळली की तिच्याबरोबर आणखी एक महत्त्वाची गोष्ट जाते: नकार द्यायचा तर कारण कलम ८ किंवा ९ मधलंच हवं. "संबंधित लिपिक रजेवर आहेत", "फाईल दुसऱ्या टेबलावर आहे" ही कारणं त्या दोन कलमांत कुठेही नाहीत. ज्याने "तीस दिवसांत माहिती मिळते" एवढंच मनात धरलं आहे, त्याच्या हातात असं उत्तर पडलं की तो चिडतो, पण पत्रात नेमकी चूक कोणती हे त्याला सांगता येत नाही.

तीस दिवस कधीपासून, हीही गळणारी गोष्ट. "अर्ज केल्यावर" असं आपण सहज म्हणतो. कायदा "विनंती मिळाल्यापासून" म्हणतो. टपालाने पाठवलेला अर्ज चार दिवसांनी पोचला, तर मोजणी पोचल्या दिवसापासून. म्हणून पोच जपून ठेवा असं आम्ही सांगतो, आणि ते का सांगतो हे वाक्य नीट उलगडलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

आता दुसरा प्रयत्न, थोडा लांब: "माझा अर्ज अधिकाऱ्याच्या हाती पडला की तीस दिवसांच्या आत त्याला काहीतरी एक ठरवावंच लागतं. फी घेऊन माहिती द्यायची, नाहीतर कलम ८ किंवा ९ मधलं कारण दाखवून नाही म्हणायचं. तीस दिवस ही शेवटची हद्द आहे, त्याआधी जमत असेल तर आधी द्यायचं. कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर हद्द अठ्ठेचाळीस तासांची." याला मी चांगलं म्हणेन. यात एक तुकडा अजून बाहेर आहे, "अधीन राहून"चा, आणि त्याकडे आपण पुढे येऊच.

सोपं सांगायचं म्हणजे अवघड शब्दांच्या जागी सोपे शब्द घालायचे, एवढंच ना?

नाही, आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते. "शीघ्रतेने"च्या जागी "लवकर", "विनिर्दिष्ट केलेल्या"च्या जागी "सांगितलेल्या", "फेटाळील"च्या जागी "नाकारेल" असं करत गेलात तर वाक्य सोपं दिसू लागेल. पण वाक्याची रचना तशीच राहिली. कुठला तुकडा कशाला जोडलेला आहे हे एकदाही न ठरवता अशी अदलाबदल शेवटपर्यंत करता येते. अर्थ माहीत नसतानाही जी गोष्ट करता येते, ती अर्थ कळल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

म्हणून आमचा नियम असा की सांगताना वाक्य मोडायचं. एका लांब वाक्याची चार-पाच छोटी वाक्यं करायची, आणि त्यांचा क्रम आपण ठरवायचा. क्रम ठरवायला लागलं की डोकं वापरावंच लागतं. फी आधी की माहिती आधी? अपवाद आधी सांगू की शेवटी? "किंवा" नेमकं कोणत्या दोन गोष्टींच्या मध्ये उभं आहे?

कायद्याच्या भाषेत अवघड नामांपेक्षा हे बारके शब्दच जास्त काम करतात: किंवा, आणि, परंतु, खेरीज, जर-तर, अधीन राहून, कोणत्याही परिस्थितीत. सांगून झाल्यावर मूळ वाक्यातले असे शब्द पेन्सिलने गोल करा आणि आपल्या सांगण्यात प्रत्येकाचं काम कुणीतरी करतंय का ते बघा. शब्द तोच हवा असं नाही. काम व्हायला हवं.

पोटकलम (२) तर एका ओळीचं आहे. त्यात सोपं करण्यासारखं काय?

माझ्या मते अख्ख्या कलमात तीच ओळ सर्वांत अवघड आहे. "मुदतीत निर्णय दिला नाही तर विनंती नाकारली असे मानण्यात येईल." लोक ती सहज सांगतात: "तीस दिवसांत उत्तर आलं नाही म्हणजे आपला अर्ज नामंजूर झाला." आणि चेहरा पडतो. कायद्याने अधिकाऱ्याला गप्प बसून अर्ज मारायची सोय करून दिली, असं त्यांना वाटतं.

इथे विचारायचा प्रश्न असा: हे मानण्याने कुणाची सोय झाली? ही ओळ नसती तर काय झालं असतं याची कल्पना करा. तुम्ही अर्ज केला, तीस दिवस गेले, साठ गेले, उत्तर नाही. तुम्ही वरच्या अधिकाऱ्याकडे गेलात, तर तो सहज म्हणू शकतो, "अजून निर्णयच झालेला नाही, तुम्ही दाद कशाविरुद्ध मागताय?" ही ओळ ते दार बंद होऊ देत नाही. अधिकाऱ्याने प्रत्यक्षात नाही म्हटलेलं नसतं, पण कायदा म्हणतो की मुदत संपल्या दिवशी त्याने नाही म्हटलं असं आपण धरू. त्यामुळे त्याच्या गप्प बसण्यालाच नकार समजून तुम्हाला पुढे जाता येतं. कलम १९(१) प्रमाणे मुदत संपल्यापासून तीस दिवसांच्या आत तुम्ही प्रथम अपील करू शकता, म्हणजे त्या अधिकाऱ्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे.

म्हणजे ज्या ओळीमुळे लोकांना हरल्यासारखं वाटतं, ती त्यांच्याच बाजूची आहे. शब्द बदलून हे कधीच दिसलं नसतं, कारण "मानण्यात येईल"चं "समजलं जाईल" केलं तरी गैरसमज तसाच राहतो. सोप्या शब्दांत ती ओळ मी अशी सांगेन: "ते गप्प बसले तर तुम्ही वाट बघत बसायचं नाही. मुदत संपली की नकार आला असं धरा आणि अपिलाला लागा." आणि एक गोष्ट याला जोडूनच सांगतो: अपिलाच्या तीस दिवसांची मोजणीही तेव्हाच सुरू होते. "अजून उत्तर आलं नाही, येईल" म्हणून सहा महिने थांबणाऱ्याची साधी मुदत केव्हाच निघून गेलेली असते. उशिराचं पटण्यासारखं कारण असेल तर अपील नंतरही दाखल करून घेता येतं, पण मग ते कारण पटवून द्यावं लागतं.

मी सांगितलेलं बरोबर आहे की नाही, हे तपासणार कोण?

जाणकार माणूस जवळ असेल तर उत्तम. नसेल तर एक प्रसंग रचा आणि मूळ कलम न उघडता, फक्त आपल्या सोप्या वाक्यांवरून त्याचं उत्तर काढा. मग कलम उघडून पडताळा. आपलं सांगणं ज्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही, तिथे ते अपुरं आहे. आणि जिथे चुकीचं उत्तर देतं, तिथे ते चुकीचं आहे.

एक प्रसंग पूर्ण करून बघू. अर्ज ३ मार्चला कार्यालयात पोचला. २० मार्चला अधिकाऱ्याने पत्र पाठवलं: माहिती देतो, इतक्या पानांच्या प्रतींचे इतके रुपये भरा. अर्जदाराने २९ मार्चला पैसे भरले. माहिती कधीपर्यंत यायला हवी?

मघाचं आपलं चांगलं म्हटलेलं सांगणं वापरलं तर उत्तर येतं २ एप्रिल, कारण ३ मार्चनंतरचा तिसावा दिवस तो. ते उत्तर चूक आहे. कलम ७(३) म्हणतं की फी मागणारं पत्र पाठवल्यापासून फी भरेपर्यंतचा काळ तीस दिवसांतून वगळायचा. २० ते २९ मार्च, नऊ दिवस घड्याळ थांबलं. हद्द ११ एप्रिल झाली. दुसरीकडूनही मोजून बघा: २० मार्चपर्यंत सतरा दिवस गेले होते, तेरा उरले, २९ मार्चनंतर तेरा दिवस म्हणजे ११ एप्रिल.

या प्रसंगाने आपल्याला दोन गोष्टी सांगितल्या. आपलं वाक्य मूळ पोटकलमाशी प्रामाणिक होतं, पण "फी भरल्यावर" या दोन शब्दांच्या पोटात काय आहे हे आपण उघडून पाहिलं नव्हतं. आणि अर्जदाराने पैसे भरायला जितका उशीर लावला तितकी त्याचीच तारीख पुढे गेली. हे कुठल्याही पोटकलमात अशा शब्दांत लिहिलेलं नाही, ते आपण काढलं. असं काहीतरी काढता आलं की वाक्य पचलं असं मी समजतो.

प्रसंग रचताना कडेचे घ्या. सरळ मधला प्रसंग, म्हणजे अर्ज दिला, विसाव्या दिवशी माहिती आली, काहीच तपासत नाही. एकतिसावा दिवस घ्या, अर्धीच फी घ्या, कारण न देता आलेला नकार घ्या.

"अधीन राहून"वाला तुकडा समजतच नाही. तो सोडून दिला तर?

सोडू नका, पण तो त्या वाक्यातून समजेल अशी अपेक्षाही ठेवू नका. अर्थ तिथे नाहीच. कलम ५(२) च्या परंतुकात तो आहे: अर्ज जर सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिला असेल, तर उत्तराच्या मुदतीत पाच दिवस वाढतात. कलम ६(३) मध्ये अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो योग्य कार्यालयाकडे पाठवायची गोष्ट आहे, आणि त्यालाही जास्तीत जास्त पाच दिवस दिले आहेत. हे वाचून आलात की "अधीन राहून"चं सोपं रूप आपोआप सुचतं: "दोन बाबतींत पाच दिवसांचा प्रश्न वेगळा येतो, तो तिथे बघून घ्या."

अडलेली जागा नेमकी सांगता येणं हे या पद्धतीचं निम्मं काम आहे. "मला कलम ७ समजत नाही" असं म्हणणाऱ्याला मदत करणं कठीण जातं. "कलम ७ मध्ये कलम ५ चा उल्लेख का आला ते कळत नाही" असं म्हणणाऱ्याला दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

किती सोपं करायचं? कुठे थांबायचं?

काही शब्दांना हात लावायचा नाही. "जन माहिती अधिकारी"चं "साहेब" केलं की अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हेच हरवतं. "प्रथम अपील"चं "तक्रार" केलं तर आणखी गोंधळ, कारण तक्रार ही कलम १८ खालची वेगळी वाट आहे. अशा शब्दांचा अर्थ शेजारी सांगा, पण शब्द तसाच ठेवा.

"जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित" हा तसाच एक. याचं लोक हमखास "तातडीचं काम असेल तर अठ्ठेचाळीस तासांत" असं करून टाकतात. पण मुलीच्या प्रवेशाची शेवटची तारीख परवा आहे, हे काम तातडीचं असलं तरी त्यात कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य अडकलेलं नाही. पोलिसांनी घरातल्या माणसाला नेलं आहे आणि तो कुठे ठेवला आहे याचा पत्ता नाही, हा प्रश्न त्या अपवादाच्या जवळचा. सोपं करताना वाक्याचा परीघ वाढला तर माणूस चुकीच्या अपेक्षेने रांगेत उभा राहतो.

आणि तुमचं सांगणं मुळापेक्षा लांब झालं तर बिलकुल घाबरू नका. दाट वाक्य उलगडलं की पसरतंच. लहान करणं म्हणजे सारांश, ते काम वेगळं आहे आणि ते समजल्यानंतर करायचं.

आपल्या बोलीत सांगितलं तर चालेल?

चालेल काय, तेच करा. वऱ्हाडीत, मालवणीत, अहिराणीत, जी घरी बोलता त्यात. छापील मराठीत सांगताना पुस्तकातले तयार तुकडे जिभेवर येतात आणि आपण ते तसेच पुढे सरकवतो. घरच्या बोलीत "विहित करण्यात येईल अशी" म्हणताच येत नाही. तिथे "जितके पैसे ठरवून दिलेत तितके" असंच म्हणावं लागतं.

उदाहरण दिलं की समजलं असं धरायचं का?

अर्धंच. उदाहरण हे वाक्यातल्या एका शक्यतेचं असतं. "माझ्या काकांना पंचवीस दिवसांत माहिती मिळाली" हे कलम ७(१) चं उदाहरण आहे, पण त्यावरून नकाराची बाजू, कारणांचं कुंपण, अठ्ठेचाळीस तास यातलं काहीच दिसत नाही. उदाहरण द्याच, पण जोडीला असं एक द्या जे नियमात बसत नाही, आणि ते का बसत नाही ते सांगा.

दुसऱ्याला समजलं की नाही, हे कसं तपासायचं?

"समजलं का?" असं विचारू नका. उत्तर "हो" असंच येतं, विशेषतः विचारणारा शिकलेला किंवा वयाने मोठा असेल तेव्हा. आणि "आता तुम्ही सांगा बघू" असं म्हटलं की समोरच्याला परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं. आमच्याकडे एक आजी जमिनीच्या मोजणीच्या कागदांसाठी अर्ज करायला यायच्या. त्यांना मी विचारलं, "आजी, घरी गेल्यावर मुलगा विचारेल, काय झालं म्हणून. त्याला काय सांगाल?" त्या म्हणाल्या, "सांगेन, महिनाभर थांबायचं. कागद आले तर आले, नाही आले तर त्यांनी नाही म्हटलं असं धरायचं आणि वरच्याकडं जायचं. तिथं जायलाही महिनाच असतो." पोटकलम (२) आणि कलम १९ यांचं मी ऐकलेलं हे सर्वांत नेटकं रूप आहे. त्यांनी फक्त एक गोष्ट सोडली होती, महिना कधीपासून मोजायचा. तेवढीच मग बोललो आणि पोचेवरच्या शिक्क्याची तारीख दाखवली.

डॉक्टरही हीच रीत वापरतात. गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगून झाल्यावर रुग्णालाच ते परत सांगायला लावायचं. मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, अशा सुरात विचारलं की समोरचा मोकळेपणाने बोलतो.

परीक्षेची तयारी करताना प्रत्येक कलमाचं असं करायला वेळ कुठे आहे?

प्रत्येकाचं करू नका. ज्या कलमात अट, अपवाद किंवा मुदत आहे, त्याचंच करा. बहुपर्यायी प्रश्नांत विधानं देऊन योग्य-अयोग्य विचारतात, तेव्हा खोटं विधान बहुधा नेमकं याच जागी वाकवलेलं असतं: "किंवा"चं "आणि" केलेलं, "मिळाल्यापासून"चं "पाठवल्यापासून" केलेलं, अपवाद नियमात मिसळलेला. निव्वळ व्याख्येची कलमं पाठ केली तरी चालतात.

मी केलेलं सोपं रूप अर्जात किंवा अपिलात लिहू का?

नाही. ते तुमच्यासाठी आहे. कागदावर कलमाचा क्रमांक आणि मूळ शब्द जातात. अपिलात "त्यांनी महिनाभर काहीच कळवलं नाही" असं लिहिण्यापेक्षा असं लिहा: "माझा अर्ज दिनांक ३ मार्च रोजी प्राप्त झाला असून कलम ७(१) मधील मुदतीत निर्णय न मिळाल्याने कलम ७(२) नुसार विनंती नाकारली असल्याचे मानून कलम १९(१) अन्वये हे अपील करीत आहे." आणि मुदत उलटून गेली असल्याने कलम ७(६) प्रमाणे माहिती विनाशुल्क मिळावी, अशी मागणीही त्याच अपिलात करा.

हे वाक्य दुसऱ्याच्या अपिलातून उतरवून घेऊन सही केली, तर सुनावणीला अडचण होते. समोरचा अधिकारी म्हणतो, "आम्ही २० मार्चला फीचं पत्र पाठवलं होतं, तुम्ही पैसे केव्हा भरले?" तेव्हा कागदात बघून उत्तर सापडत नाही. पैसे भरेपर्यंतचे नऊ दिवस वगळले तरी ११ एप्रिलला मुदत संपली आणि माझं अपील त्यानंतरचं आहे, हे तोंडी सांगता यावं लागतं. सुनावणीला जाण्याआधी अपिलातली प्रत्येक ओळ घरात कुणालातरी साध्या भाषेत सांगून बघा, आणि त्यांना मध्येच "का?" असं विचारू द्या.